शंभर वर्षं टिकणाऱ्या पुलाचा हिशोब: घटता वटाव दर कसा लावायचा आणि तो का सुचवला गेला

शंभर वर्षांनी मिळणाऱ्या 100 एककांची आज किंमत किती? डिस्काउंट रेट, म्हणजे भविष्यातल्या पैशाचं मोल दर वर्षामागे ज्या दराने कमी धरतात तो वटाव दर, 7 टक्के धरला तर उत्तर येतं 0.12. साडेतीन टक्के धरला तर 3.2. दोन्ही दर चर्चेत सहज ऐकायला मिळतात आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारी जाणती माणसं आहेत. तरी उत्तरात सुमारे अठ्ठावीस पटींचा फरक पडतो. रस्त्याच्या डांबरीकरणाला याने फारसा फरक पडत नाही, कारण तिथला सगळा व्यवहार दहा-पंधरा वर्षांत आटोपतो. धरण किंवा पूल मात्र बांधणाऱ्यांच्या नातवंडांच्या काळातही उभा असतो. त्याचे फायदे, दुरुस्त्या आणि शेवटी तो काढून टाकण्याचा खर्च या सगळ्याचं वजन याच एका आकड्यावर ठरतं.

यावरचा एक उपाय असा की दर एकच न ठेवता काळाच्या अंतराप्रमाणे उतरता ठेवायचा. जवळच्या वर्षांना जास्त, दूरच्या वर्षांना कमी. त्यामागचं कारण मी आधी उलगडून सांगतो. ते नीट बसलं नाही तर तक्ता भरताना कुठे चुकतोय हे कळत नाही. मग तक्ता, त्यानंतर एका पुलाचं आणि एका धरणाचं उदाहरण, आणि शेवटी ही पद्धत कुठे कमी पडते ते.

दर घटता का असावा

सर्वांत भक्कम कारण अनिश्चिततेचं आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी ते 1998 मध्ये नेमकेपणाने मांडलं. पुढच्या शंभर वर्षांत खरा दर किती असेल हे आज कोणालाच माहीत नाही. समजा शक्यता दोनच आहेत, 1 टक्का किंवा 7 टक्के, आणि दोन्ही सारख्याच संभाव्य आहेत. पहिला मोह होतो तो दोघांची सरासरी काढून 4 टक्के लावण्याचा. चूक इथेच होते. बेरीज आणि सरासरी पैशाची करायची असते, दराची नाही. म्हणून आधी दोन्ही दरांनी आजचं मूल्य काढायचं आणि मग त्या मूल्यांची सरासरी घ्यायची.

हे करून बघा. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 1 एककाचं आजचं मूल्य 1 टक्क्याने 0.905 आणि 7 टक्क्यांनी 0.508 येतं. सरासरी 0.707. एकाच दराने हेच उत्तर हवं असेल तर तो दर साधारण 3.5 टक्के असावा लागतो. पन्नास वर्षांवर ही मूल्यं 0.608 आणि 0.034 होतात, सरासरी 0.321, म्हणजे दर 2.3 टक्के. शंभर वर्षांवर 0.370 आणि 0.001, सरासरी 0.185, दर 1.7 टक्के. दोनशे वर्षांवर 1.35 टक्के.

यात काय घडतंय ते पाहा. सात टक्क्यांच्या शक्यतेत शंभर वर्षांनंतरचं मूल्य जवळजवळ शून्य होतं, त्यामुळे सरासरीत त्या बाजूचा आवाजच उरत नाही. मूल्य शिल्लक राहतं ते फक्त एक टक्क्याच्या शक्यतेत. म्हणून अंतर वाढत जाईल तसा परिणामी दर सर्वांत कमी शक्यतेकडे ओढला जातो. इथे कोणी भावी पिढ्यांबद्दल नैतिक भूमिका घेतलेली नाही. आजची अनिश्चितता प्रामाणिकपणे हिशोबात घेतली की दर आपोआप घटतो.

मात्र याला एक अट आहे आणि ती बऱ्याचदा सांगायची राहून जाते. दर एकदा वर किंवा खाली गेला की तो तसाच टिकून राहतो, हे यात गृहीत आहे. दर वर्षी नव्याने नाणं उडवून 1 किंवा 7 टक्के ठरत असता, तर चांगली आणि वाईट वर्षं एकमेकांना झाकून टाकली असती. तेव्हा परिणामी दर दहाव्या वर्षालाही 3.9 टक्के आणि शंभराव्या वर्षालाही 3.9 टक्केच राहिला असता. म्हणजे घट अनिश्चिततेमुळे येते, पण अशा अनिश्चिततेमुळे जी वर्षानुवर्षं चिकटून राहते. रिचर्ड न्यूवेल आणि विल्यम पायझर यांनी 2003 मध्ये अमेरिकी सरकारी रोख्यांच्या सुमारे दोन शतकांच्या व्याजदरांवरून दाखवलं की प्रत्यक्षात दर असेच रेंगाळत चालतात. वर गेले की बराच काळ वर, खाली आले की बराच काळ खाली. त्यामुळे ही अट हवेतली नाही.

दुसरा रस्ता आर्थिक वाढीकडून येतो. सामाजिक वटाव दर काढण्याचं रॅम्सी सूत्र असं आहे:

```
r = δ + η × g
```

यात `δ` म्हणजे केवळ वाट पाहावी लागते म्हणून भविष्याला दिलेलं कमी वजन, `g` म्हणजे दरडोई उपभोगाची वाढ, आणि `η` म्हणजे माणूस श्रीमंत होत जाईल तशी त्याला पुढच्या रुपया-डॉलरची किंमत किती वेगाने कमी वाटते याचं माप. ब्रिटनच्या अर्थखात्याने ग्रीन बुक या आपल्या प्रकल्प-मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेत 2003 मध्ये 1.5 + 1 × 2 अशी मांडणी करून 3.5 टक्के दर ठरवला. आता `g` कडे बघा. पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असेल, म्हणून तिच्या फायद्याला कमी वजन, असा या सूत्राचा युक्तिवाद आहे. पण शंभर वर्षांची वाढ 2 टक्केच राहील याची हमी कोण देणार? वाढ मंदावली आणि दीर्घकाळ मंदच राहिली, तर ती पिढी तितकी श्रीमंत नसेल. हा धोका दूरच्या काळासाठी जास्त मोठा, म्हणून सावधगिरी म्हणून दूरचा दर कमी. ही बाजू फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ क्रिस्तियान गोलिए यांनी विस्ताराने मांडली.

याच गोलिए यांनी वाइट्झमन यांच्या युक्तिवादावर एक अवघड प्रश्नही उभा केला. आजच्या मूल्यांची सरासरी घेण्याऐवजी शंभर वर्षांनंतरच्या मूल्यांची सरासरी घेतली तर? आज गुंतवलेलं 1 एकक 1 टक्क्याने 2.7 होतं, 7 टक्क्यांनी 868. सरासरी 435, म्हणजे परिणामी दर 6.3 टक्के. त्याच नाण्यावरून आता दर वाढता निघाला! हे कोडं बरीच वर्षं चर्चेत राहिलं. 2010 मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की ज्या परिस्थितीत पैसा मिळतो त्या परिस्थितीत माणसाला त्याची गरज किती आहे हेही मोजलं, तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात आणि दर घटताच राहतो. बैठकीत कोणी 435 चं गणित समोर टाकलं तर हे उत्तर हाताशी असू द्या.

कोणता तक्ता घ्यायचा

स्वतः दर बनवत बसू नका. ज्या यंत्रणेसाठी मूल्यमापन करताय तिने तक्ता ठरवला असेल तर तोच घ्या. नसेल तर एखादा प्रकाशित तक्ता घेऊन तसं स्पष्ट लिहा. नॉर्वेमध्ये 2014 पासून पहिली 40 वर्षं 4 टक्के, 75 वर्षांपर्यंत 3 आणि त्यापुढे 2 टक्के अशी रीत आहे. मी पुढच्या उदाहरणांत ब्रिटनच्या ग्रीन बुकचा तक्ता घेतला आहे, कारण त्याचे टप्पे बरेच सविस्तर आहेत: 30 वर्षांपर्यंत 3.5 टक्के, 31 ते 75 साठी 3, 76 ते 125 साठी 2.5, 126 ते 200 साठी 2, 201 ते 300 साठी 1.5 आणि त्यापुढे 1 टक्का.

हे सगळे दर महागाई वजा करून काढलेले आहेत. म्हणून खर्च आणि फायदे आजच्या स्थिर किमतीत मांडायचे. ठेकेदाराच्या कोष्टकात दरवर्षी 5 टक्के भाववाढ धरलेली असेल तर ती आधी काढून टाका. भाववाढीसह आलेल्या आकड्यांना हे दर लावले की साठाव्या वर्षाची दुरुस्ती भल्यामोठ्या आकाराची दिसू लागते. तशी दिसली की पहिला संशय इथेच घ्यावा.

तक्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवणे

पहिल्या रकान्यात वर्षं, दुसऱ्यात त्या वर्षाचा दर, तिसऱ्यात वटाव गुणक, म्हणजे त्या वर्षीच्या 1 एककाचं आजचं मूल्य, आणि चौथ्यात त्या वर्षाचा निव्वळ खर्च किंवा फायदा. पहिली ओळ शीर्षकांची. दुसऱ्या ओळीत वर्ष 0 आणि गुणक 1. तिसऱ्या ओळीपासून:

```
A3: =A2+1
B3: =IF(A3<=30,3.5%,IF(A3<=75,3%,IF(A3<=125,2.5%,2%)))
C3: =C2/(1+B3)
```

हे खाली 120 व्या वर्षापर्यंत, म्हणजे 122 व्या ओळीपर्यंत ओढा. आजचं निव्वळ मूल्य:

```
=SUMPRODUCT(C2:C122,D2:D122)
```

तयार `NPV` फंक्शन इथे वापरू नका. ते सगळ्या वर्षांना एकच दर लावतं, शिवाय पहिला आकडा एक वर्ष पुढचा समजून त्यालाही वटाव लावतं.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची ओळ `C3` ची आहे. मागच्या वर्षाच्या गुणकाला या वर्षाच्या दराने भागायचं. साखळी तुटता कामा नये. बहुतेक लोक इथे सवयीने नेहमीचं सूत्र लिहितात:

```
=1/(1+B33)^A33
```

दर एकच असताना हे बरोबर असतं. घटत्या दरात ते साफ चुकतं, कारण 31 व्या वर्षाचा 3 टक्के दर ते मागच्या तीसही वर्षांना लावून टाकतं. परिणाम जवळून बघा. तिसाव्या वर्षाचा गुणक 0.356 आहे. बरोबर साखळीने 31 व्या वर्षाचा गुणक 0.346 येतो, जरासा कमी. चुकीच्या सूत्राने तो 0.400 येतो. म्हणजे 31 व्या वर्षाचा पैसा तिसाव्या वर्षाच्या पैशापेक्षा आज जास्त मोलाचा ठरला. याला काहीच अर्थ नाही. अशा तक्त्यात कामं एक वर्ष पुढे ढकलली की फायदे फुगतात. 76 व्या वर्षी पुन्हा तशीच उडी येते, 0.109 वरून थेट 0.153 वर.

एका मोठ्या प्रकल्पाचा तक्ता तपासताना मला ही चूक सापडली होती. तो तक्ता माझ्याआधी तीन जणांच्या हातातून गेला होता. सूत्र वाचून ती मलाही दिसली नाही. दिसली ती गुणकांचा आलेख काढल्यावर. आलेखाची रेषा खाली उतरता उतरता दोन ठिकाणी पायरीसारखी वर चढली होती. तेव्हापासून मी तिसऱ्या रकान्याचा आलेख काढल्याशिवाय पुढे जात नाही. रेषा सतत उतरती हवी. तीस आणि पंचाहत्तर वर्षांपाशी तिचा उतार सौम्य व्हावा, पण ती वर कधीच जाऊ नये.

जुळवून बघायला हे गुणक ठेवा: वर्ष 30 ला 0.3563, 60 ला 0.1468, 75 ला 0.0942, 100 ला 0.0508, 120 ला 0.0310. एकच 3.5 टक्के लावला असता तर 60 ला 0.1269, 100 ला 0.0321 आणि 120 ला 0.0161 आले असते. बघा, साठाव्या वर्षी फरक साधारण 16 टक्के आहे, तर 120 व्या वर्षी गुणक जवळपास दुप्पट झालाय.

पुलाचं उदाहरण: आज जास्त खर्च की साठ वर्षांनी पुन्हा बांधणी

खाऱ्या पाण्यावरचा काँक्रीटचा पूल घेऊ. अशा पुलाचं आयुष्य बहुधा गजांवर ठरतं. मिठातले क्लोराइड काँक्रीटमधून आत झिरपतात, गज गंजतात, गंज फुगून काँक्रीटचा थर सोलतो. आराखडे दोन आहेत. पहिल्यात साधे गज, बांधकाम खर्च 100 एकक, आयुष्य 60 वर्षं. साठाव्या वर्षी पूल पाडून नवा बांधायचा. त्याला पुन्हा 100 एकक आणि त्या काळात वाहतूक वळवल्याने लोकांचा जो वेळ आणि इंधन जातं त्याचे 40 एकक, असे 140. दुसऱ्या आराखड्यात पाण्याच्या तुषारांच्या पट्ट्यात स्टेनलेस स्टीलचे गज आणि जाड आवरण, खर्च 119, आयुष्य 120 वर्षं. (ब्रिटनमध्ये पुलाचं आयुर्मान 120 वर्षं धरूनच आराखडा करतात.) नेहमीची तपासणी आणि देखभाल दोन्हीकडे सारखी आहे असं मानू, म्हणजे ती तुलनेतून निघून जाते.

आधी दोघांचा कालावधी सारखा करा. पहिला पूल दोनदा, दुसरा एकदा, दोन्ही 120 वर्षं. हे न करता साठ वर्षांवर हिशोब थांबवला तर दुसऱ्या पुलाची उरलेली साठ वर्षं फुकट जातात आणि त्यानंतर दर कोणताही लावा, उपयोग नाही. वाहतूक प्रकल्पांच्या मूल्यमापनात साठ वर्षांवर थांबण्याची रीत रूढ आहे. तिथे घटता दर नावापुरता उरतो, कारण तो खरा काम करतो साठ वर्षांपलीकडे.

आता गणित. एकच 3.5 टक्के दराने पहिल्या आराखड्याचा एकूण खर्च 100 + 140 × 0.1269 = 117.8. दुसऱ्याचा 119. म्हणजे साधा पूल स्वस्त. घटत्या दराने पहिल्याचा 100 + 140 × 0.1468 = 120.6, दुसऱ्याचा 119 च. आता टिकाऊ पूल स्वस्त ठरतो.

निर्णय उलटला, हे खरं. पण अहवालात नुसतं एवढंच लिहून थांबू नका. निर्णय उलटतो तो पट्टा काढा. टिकाऊ पुलाचा जादा खर्च 17.8 पेक्षा कमी असता तर दोन्ही दरांनी तोच निवडला गेला असता. 20.6 पेक्षा जास्त असता तर दोन्ही दरांनी साधा पूल जिंकला असता. दर घटता की स्थिर, याने फरक पडतो तो या जेमतेम तीन एककांच्या पट्ट्यात. आपल्या 19 चा आकडा त्या पट्ट्यात बसतो म्हणून चर्चा करावी लागते. तो 119 चा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला तरी आपण पट्ट्याबाहेर जाऊ. म्हणजे इथे दरावर वाद घालण्याआधी स्टेनलेस गजांची निविदा पुन्हा तपासणं जास्त फायद्याचं.

याचं कारणही समजून घ्यावं. 120 वर्षं दरवर्षी सारखाच फायदा देणारा प्रकल्प घेतला, तर वर्षाच्या 1 एककाची एकूण किंमत स्थिर दराने 28.1 आणि घटत्या दराने 29.7 येते. फरक साडेपाच टक्के. कारण मूल्याचा मोठा भाग पहिल्या तीस वर्षांतच येऊन जातो आणि तिथे दोन्ही तक्ते एकसारखे आहेत. घटत्या दराने प्रत्येक दीर्घायुषी प्रकल्प तगतो हा समज मी अनेकदा ऐकलाय. तो खरा नाही. मोठा फरक पडतो तो खर्च किंवा फायदा दूरच्या काळात एकवटलेला असेल तेव्हा.

धरणाचं उदाहरण: शेवटचं बिल

दूरच्या काळात एकवटलेला खर्च म्हणजे काय, हे धरणात दिसतं. जलाशयात गाळ साठत जातो, साठवणक्षमता घटते, आणि एक दिवस धरण निकामी करावं लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची 1913 आणि 1927 मध्ये पूर्ण झालेली दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये काढून टाकली. तोवर त्यांच्या मागे सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ साचला होता, आणि धरण फोडण्यापेक्षा तो गाळ नदीत हळूहळू सुटेल असं पाहणं हेच मोठं काम होऊन बसलं.

समजा धरणाचा बांधकाम खर्च 138 एकक, निव्वळ फायदा दरवर्षी 5 एकक, आणि 110 व्या वर्षी धरण काढणं, गाळ हाताळणं, नदीपात्र सावरणं यांचा खर्च 300 एकक.

शेवटचं बिल बाजूला ठेवलं तर स्थिर दराने फायद्याचं आजचं मूल्य 139.6, म्हणजे निव्वळ 1.6 शिल्लक. घटत्या दराने 146.5, शिल्लक 8.5. घटता दर प्रकल्पाला मदत करतोय असं दिसतं.

आता बिल धरा. स्थिर दराने 300 × 0.0227 = 6.8, घटत्या दराने 300 × 0.0397 = 11.9. निव्वळ मूल्य स्थिर दराने उणे 5.2 आणि घटत्या दराने उणे 3.4. दर बदलल्याने फायद्यात जवळपास 7 एककांची भर पडली, पण त्यातले 5 शेवटच्या बिलाने परत नेले. आणि ते बिल 410 एककांच्या वर असतं तर घटत्या दराने धरण स्थिर दरापेक्षा जास्त तोट्यात दिसलं असतं.

म्हणून तपासणीत मी सगळ्यात आधी हेच विचारतो: दूरचे फायदे घटत्या दराने मोजलेत, मग दूरचे खर्च कुठे आहेत? चौथ्या रकान्याच्या शेवटच्या तीस ओळींत एकही उणे आकडा नसेल, तर काहीतरी राहून गेलंय. उंच दराच्या काळात कोणी ते आकडे भरत नसे, कारण 110 व्या वर्षीचे 300 एकक 7 टक्क्यांनी 0.2 सुद्धा होत नाहीत. जुन्या नमुन्यांमधून ती ओळच गायब झाली आहे. गाळाचंही तसंच. फायदा 110 वर्षं सपाट 5 ठेवणं हे मी वरच्या गणितात सोपेपणासाठी केलं. खऱ्या कामात गाळाच्या अंदाजाप्रमाणे तो उतरता ठेवायला हवा.

ही पद्धत कुठे अडते

पहिली अडचण जोखमीची. वरची सगळी घट जोखीममुक्त दराची आहे. पण पुलाचा फायदा वाहतुकीवर अवलंबून, आणि वाहतूक अर्थव्यवस्थेवर. वाढ चांगली झाली तर फायदा जास्त, खुंटली तर कमी. म्हणजे लोकांना गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच हा प्रकल्प कमी देतो. फ्रान्समध्ये 2013 च्या अधिकृत अहवालाने याचा विचार केला. जोखीममुक्त दर 2.5 टक्के, 2070 नंतर घटून 1.5. त्यावर जोखमीची भर 2 टक्के, 2070 नंतर वाढून 3. त्या अहवालानुसार ज्या प्रकल्पाचा फायदा अर्थव्यवस्थेच्या बरोबरीने हलतो त्याला दोन्ही मिळून आधीही 4.5 आणि नंतरही 4.5 टक्केच लागतात. घट पूर्ण पुसली गेली. पूरनियंत्रणासारखा फायदा अर्थव्यवस्थेच्या चढउतारांशी कमी बांधलेला असतो, तिथे घट बरीचशी टिकते. वीजनिर्मितीचा आणि पूरनियंत्रणाचा फायदा एकाच धरणातून येत असेल, तर दोन रकाने वेगळे ठेवायला हे पुरेसं कारण आहे.

दुसरी अडचण काळ पुढे सरकल्यावर समोर येते. चाळिसाव्या वर्षी 53 एकक खर्चून एक मोठी दुरुस्ती केली तर साठाव्या वर्षीचे 100 एकक वाचतात, असं समजा. आजच्या तक्त्यात चाळीस ते साठ या काळाला 3 टक्के लागतो, त्यामुळे साठाव्या वर्षीचे 100 चाळिसाव्या वर्षी 55.4 इतके मोलाचे. दुरुस्ती फायद्याची, म्हणून आज ती योजनेत लिहिली जाते. चाळिसावं वर्ष उजाडतं. तेव्हाचा अधिकारी नव्याने मूल्यमापन करतो आणि तक्ता पुन्हा शून्यापासून सुरू करतो. त्याच्यासाठी ती बचत वीस वर्षांवर आहे, दर 3.5 टक्के, मूल्य 50.3. दुरुस्ती तोट्याची! नवी कुठलीच माहिती मिळालेली नसताना निर्णय फिरला.

यावर उत्तर असं दिलं जातं की चाळीस वर्षांत दर कोणत्या बाजूला गेला हे कळलेलं असेल, आणि नव्या माहितीवरून मत बदलणं ही विसंगती नव्हे. वाइट्झमन यांच्या युक्तिवादापुरतं ते बरोबर आहे. पण तेव्हाचा अधिकारी जर हाच छापील तक्ता कसलीही नवी माहिती न घेता पहिल्या ओळीपासून लावत असेल, तर विसंगती आहेच. यावर व्यवहारात एकच गोष्ट करता येते. ज्या मधल्या दुरुस्तीवर पुलाचं पूर्ण आयुष्य अवलंबून आहे, ती 3.5 टक्के स्थिर दरानेही टिकते का ते आजच बघायचं. टिकत नसेल तर 120 वर्षांचं आयुष्य गृहीत धरणंच धोक्याचं, कारण ती दुरुस्ती होईल याची खात्री नाही. अशा वेळी मी 60 वर्षांच्या आयुष्याचा पर्यायही शेजारी मांडतो.

अहवालात काय लिहायचं

कोणता तक्ता घेतला आणि कोणाचा, हे पहिल्याच पानावर. त्याखाली प्रत्येक पर्यायाचं निव्वळ मूल्य दोनदा, स्थिर दराने आणि घटत्या दराने. दोन्हींचा क्रम सारखा असेल तर एका ओळीत तसं सांगून पुढे जावं. क्रम उलटत असेल तर वरच्या पुलासारखा पट्टा काढून द्यावा आणि आपला अंदाज त्या पट्ट्यात किती आत किंवा कडेला आहे ते लिहावं. 75 वर्षांपलीकडच्या रकमा वेगळ्या बेरजेत दाखवाव्यात, फायदे आणि खर्च स्वतंत्र. वरच्या धरणात ही बेरीज फायद्याच्या बाजूला 10.9 आणि खर्चाच्या बाजूला 11.9 येते. म्हणजे पंचाहत्तर वर्षांपुढे हे धरण देतं त्याहून जास्त घेतं, आणि ही गोष्ट एकूण निव्वळ मूल्याच्या एका आकड्यात कोणाला दिसली नसती.